तीन मीटरची अचूकता, एकशेतीस मीटरचा ओढा

आमच्या क्षेत्रातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी परवा भर बैठकीत सांगितलं की मेटाडेटा म्हणजे लग्नपत्रिकेतली ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ ही ओळ. सगळीकडे छापलेली असते, वाचत कोणी नाही. सगळे हसले. मीही हसलो, कारण उपमा चांगली होती. घरी आल्यावर मात्र वाटलं की ती चुकीच्या ओळीला चिकटवली आहे. पत्रिकेत पाहुणा जे शोधतो ते मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता. नकाशाच्या फाइलसोबत लिहायच्या माहितीची जागा तीच आहे. पत्ता चुकला तर माणसं दुसऱ्याच कार्यालयात जेवून येतात आणि कोणालाच शंका येत नाही.

त्यांचा विरोध नुसत्या थट्टेवर थांबला नव्हता, म्हणून हे लिहितो आहे. त्यांची मांडणी अशी होती: आजचं सॉफ्टवेअर आवश्यक ती माहिती स्वतःच फाइलमध्ये नोंदवतं. उरलेलं अनुभवी माणसाला नकाशा उघडताच कळतं. अचूकतेचा आकडा कोणाकडेच नसतो, मग तो रकाना खोटा भरण्यापेक्षा कोरा बरा. आणि वापराच्या मर्यादा हा वकिलांचा मजकूर आहे, भूगोलाचा नव्हे. यातलं एक म्हणणं अर्धं खरं आहे. बाकीचं कुठे घसरतं ते एका फाइलच्या गोष्टीतून सांगतो. ती फाइल मी केलेली नव्हती, पण तशाच दोन मी केल्या आहेत. त्यामुळे हात झटकायला मला जागा नाही.

फाइल होती पुणे जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या ओढ्यांची. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या जुन्या टोपोशीटवरून कोणीतरी ओढे-नाले गिरवून घेतले होते. तिच्यात मेटाडेटा नव्हता असं नाही, सगळे रकाने व्यवस्थित भरलेले होते. स्रोत: टोपोशीट. दिनांक: 2016. संदर्भप्रणाली: WGS 84. अचूकता: 3 मीटर. वापराच्या मर्यादा: काही नाहीत. कोणत्याही तपासनीसाने पहिल्या नजरेत पसंत केली असती अशी फाइल.

एका संस्थेने हे ओढे उपग्रहचित्रावर टाकले आणि जिथे ओढ्याच्या रेषेखाली ओढा दिसत नाही अशा जागांची यादी केली. यादीला नाव दिलं ‘बुजवलेले ओढे’. ती ग्रामपंचायतींकडे गेली. एका गावात ती यादी आणि मोबाइलवरचं जीपीएस घेऊन आम्ही शिवारात उभे राहिलो, तेव्हा रेषा एका शेतकऱ्याच्या कांद्याच्या वाफ्यांतून जात होती. ग्रामसेवकांनी त्यांना विचारलं, “आण्णा, ओढा कधी बुजवला?” आण्णांनी वायव्येकडे हात केला. शे-दीडशे पावलांवर करंजाची झाडं होती आणि त्यांच्या खाली ओढा, दगडगोट्यांसकट. “माझ्या आज्यापासनं त्यो तितंच हाय. तुमचा कागुद सरकलाय सायेब, वढा न्हाई.”

निदान बरोबर होतं. यंत्रं हातात घेऊन आलेल्या चौघांपैकी ते एकाच्याही मनात आलं नव्हतं.

कागद का सरकला, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. अक्षांश-रेखांश हे जागेच्या अंगी चिकटलेले आकडे नाहीत. पृथ्वीचा आकार कोणता धरला आणि तो पृथ्वीला कुठे टेकवला, यावर ते ठरतात. भारताची जुनी मापणी 1830 च्या एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेली आहे, आणि तिचा मूळ आधारबिंदू मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला. एव्हरेस्टच्या लंबगोलाची विषुववृत्तीय त्रिज्या आज जीपीएस वापरतं त्या WGS 84 पेक्षा आठशे अडतीस मीटरने लहान आहे, आणि दोन्हींची केंद्रंही एका जागी नाहीत. म्हणून टोपोशीटच्या कोपऱ्यावर छापलेलं 18°30′ आणि मोबाइलने दाखवलेलं 18°30′ या जमिनीवरच्या दोन वेगळ्या जागा आहेत. पुण्याच्या आसपास हा फरक उत्तर-दक्षिण सुमारे शंभर मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ऐंशी मीटर भरतो, म्हणजे तिरका मोजला तर एकशेतीसच्या घरात. जुन्या शीटचे आकडे जसेच्या तसे WGS 84 समजून वापरले, की सगळा नकाशा तेवढा आग्नेयेला उतरतो. आण्णांनी वायव्येला हात दाखवला तो याच कारणाने.

गिरवणाऱ्याने केलं होतं ते असं. शीट स्कॅन केली, QGIS च्या जिओरेफरन्सरमध्ये उघडली, कोपऱ्यांवरच्या आणि आतल्या रेषांच्या छेदांवर टिचक्या मारून छापलेले अक्षांश-रेखांश भरले, आणि संदर्भप्रणाली विचारल्यावर यादीतली सर्वांत वरची निवडली: EPSG:4326. म्हणजे WGS 84. त्या एका टिचकीने ओढे सरकले.

आता पहिल्या आक्षेपाकडे येतो, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः नोंदवतं याकडे. हो, नोंदवतं. पण काय नोंदवतं? आपण त्याला जे सांगितलं तेच. शेपफाइलसोबतच्या `.prj` फाइलमध्ये लिहिलेली संदर्भप्रणाली हा त्या आकड्यांचा गुण नव्हे, ते कोणीतरी केलेलं विधान आहे. ते विधान आकड्यांशी ताडून पाहण्याचं कोणतंही साधन संगणकाजवळ नाही. 73.8 आणि 18.4 हे आकडे एव्हरेस्टमध्ये शोभतात आणि WGS मध्येही. पुढच्या दोन आज्ञा पाहा.

```
ogr2ogr -a_srs EPSG:4326 odhe_1.gpkg odhe.shp
ogr2ogr -s_srs EPSG:4146 -t_srs EPSG:4326 odhe_2.gpkg odhe.shp
```

पहिली आज्ञा एकही आकडा हलवत नाही, नुसती पाटी बदलते. दुसरी सांगते की मूळ आकडे कल्याणपूर 1975 या डेटममधले आहेत (4146 हा त्याचा क्रमांक), ते हिशेबाने WGS 84 मध्ये आणा. दोन्हींतून निघालेल्या फाइलींवर एकच पाटी असते, ‘WGS 84’. त्यातली एक खरी आणि दुसरी एकशेतीस मीटर खोटी. आपोआप लिहिलेल्या मेटाडेटात दोघींची संदर्भप्रणाली शब्दशः सारखी येते. फरक फक्त एका वाक्यात मावतो, आणि ते वाक्य माणसानेच लिहावं लागतं: मूळ प्रणाली कोणती होती आणि तिथून इथे कसं आलो. आमचे ज्येष्ठ सहकारी म्हणाले की संगणक आवश्यक तेवढं लिहितो. माझं म्हणणं आहे की तो फाइलमध्ये आधीच असलेलं तेवढंच पुन्हा लिहितो. आकृत्या किती, विस्तार कुठून कुठे, रकाने किती, हे फाइल उघडल्यावर मलाही दिसतं. लिहायचं असतं ते फाइलला ठाऊक नसलेलं.

‘अनुभवी माणसाला कळतं’ हा दुसरा आक्षेप. अनुभवी माणसाला नक्की कळू शकतं, आणि कसं ते सांगतोच, कारण पद्धत शिकून ठेवण्यासारखी आहे. शिवारभर पसरलेल्या दहा-बारा ठळक जागा घ्यायच्या: दोन ओढ्यांचा संगम, दगडी पुलाखालचा ओढा, नदीचं अवघड वळण. प्रत्येक ठिकाणी नकाशातली जागा आणि उपग्रहचित्रातली जागा यांतलं अंतर आणि दिशा मोजायची. सगळीकडे अंतर जवळपास सारखं आणि दिशाही तीच आली, तर डेटम चुकला आहे. अंतर शीटच्या एका टोकाकडे वाढत गेलं, तर जिओरेफरन्सिंगचा एखादा बिंदू वाकडा बसला आहे. कुठे दहा मीटर पूर्वेला, कुठे साठ मीटर उत्तरेला असं विखुरलेलं आलं, तर गिरवण्याचा हलगर्जीपणा आहे किंवा ओढाच खरोखर हलला आहे. आम्ही गावाबाहेरच्या पारावर बसून हे केलं. अकरा जागांपैकी नऊ ठिकाणी सरकणं एकाच दिशेचं आणि जवळपास एकाच अंतराचं निघालं.

पण त्या चाचणीसाठी आधी संशय यावा लागतो. फाइल वापरणारी मुलं हुशार होती. त्यांच्यासमोर ‘WGS 84, अचूकता 3 मीटर’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. लेखी विधान हातात असताना कोणी पारावर बसून संगम मोजत नाही, आणि मोजू नये अशीच अपेक्षा असते. रकाना कोरा असता तर कदाचित कोणी विचारलं असतं. विचारलं असतं तरी कोणाला? फाइल करणाऱ्याची बदली झाली होती आणि त्याचा नंबर कोणाकडे नव्हता. ‘अनुभवी माणूस’ हा मेटाडेटाचा पर्याय म्हणून सुचवला जातो तेव्हा तो माणूस त्याच टेबलावर बसलेला आहे असं गृहीत धरलं जातं.

आता त्या तीन मीटरकडे येऊ. हा आकडा कोणी मनाने लिहिला नव्हता, आणि म्हणूनच तो मला सर्वांत धोक्याचा वाटतो. जिओरेफरन्सरने टिचक्यांचा मेळ बसवून शेवटी सरासरी चूक दाखवली ती तीन मीटर. गिरवणाऱ्याने ती प्रामाणिकपणे ‘अचूकता’ या रकान्यात उतरवली. पण ती चूक सांगते ते एवढंच, की भरलेले बिंदू एकमेकांशी किती जुळतात. सगळे बिंदू एकाच वेळी, एकाच दिशेला एकशेतीस मीटर सरकलेले असले तरी ते आपसांत उत्तमच जुळणार. वर्गातल्या सगळ्या मुलांनी एकाचीच उत्तरपत्रिका पाहून लिहिलं तर सर्वांची उत्तरं जुळतात. त्यावरून ती बरोबर आहेत असं गुरुजी म्हणत नाहीत.

इथे तिसरा आक्षेप अर्धा मान्य करतो. खोटा आकडा लिहिण्यापेक्षा रकाना कोरा ठेवणं खरंच बरं. पण ‘आकडा कोणाकडेच नसतो’ हे मान्य नाही. जमिनीवर पडताळणी केलेली नसली तरी अंदाज बांधता येतो, आणि तो कसा बांधला हे लिहिता येतं. 1:50,000 प्रमाणावर कागदावरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर. छापलेल्या रेषेची जागा साधारण तेवढ्यापलीकडे नेमकी धरता येत नाही. एव्हरेस्टवरून WGS वर आणणाऱ्या सर्वसाधारण सूत्रालाच वीसेक मीटरची अनिश्चितता आहे. स्कॅन आणि गिरवण्याचे दहा मीटर धरा. या चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, म्हणून त्यांची सरळ बेरीज न करता वर्गांची बेरीज करून मूळ काढायचं: 625, 400 आणि 100 मिळून 1125, त्याचं मूळ साडेतेहतीस. म्हणजे डेटम नीट सांभाळला असता तरी या फाइलमधला ओढा पस्तीसेक मीटर इकडे-तिकडे असू शकला असता. याहून चांगला आकडा हवा असेल तर जमिनीवर किमान वीस पडताळणी बिंदू घ्यावेत, आणि जिओरेफरन्सिंगला वापरलेले बिंदू त्यांत नसावेत. तेवढं झालं नसेल तर ‘अंदाजे 35 मीटर, जमिनीवर पडताळलेलं नाही’ हे वाक्य पूर्ण आणि खरं आहे.

पस्तीस मीटर म्हणजे किती, हे सातबाऱ्याच्या भाषेत पाहिलं की ते मनावर ठसतं. आपला गुंठा म्हणजे तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट, सुमारे दहा मीटरचा चौरस. पस्तीस मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्यात अडतीस गुंठे बसतात. म्हणजे चूक दुरुस्त केलेल्या, शहाण्या फाइलमधलासुद्धा प्रत्येक बिंदू खरं तर जवळपास एकराचा ठिपका आहे. अशा ठिपक्यावरून कोणाच्या बांधावर बोट ठेवायचं?

त्यामुळे चौथा आक्षेप, वापराच्या मर्यादा हा वकिली मजकूर, हा मला सर्वांत चुकीचा वाटतो. गोंधळ कुठे होतो ते दिसतं. ‘मर्यादा’ या एका शब्दाखाली दोन गोष्टी येतात. एक म्हणजे परवाना: फाइल कोणी वापरायची, पुढे द्यायची की नाही, श्रेय कोणाला. दुसरी म्हणजे योग्यता: ही फाइल कशाला पुरेल आणि कशाला पुरणार नाही. ISO 19115 या आंतरराष्ट्रीय मानकात या दोन्हींना वेगळे रकाने आहेत, योग्यतेसाठी `useLimitation` आणि परवान्यासाठी `accessConstraints` व `useConstraints`. आपल्याकडे फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची पूर्वपरवानगीची बंधनं मोठ्या प्रमाणावर उठवली, आणि बऱ्याच जणांना वाटलं की आता मर्यादांचा रकाना ‘काही नाहीत’ असा भरायला हरकत नाही. सैल झाली ती परवानगी. 1:50,000 च्या शीटवरचा ओढा त्या आदेशाने एक मीटरही जागचा हलला नाही.

योग्यतेचं वाक्य वकिलाला लिहिताच येणार नाही. ते गिरवणाऱ्यालाच लिहिता येतं, कारण कुठे रेषा अस्पष्ट होती आणि कुठे अंदाजाने जोडली हे त्याला माहीत असतं. आणि ते ‘वापरणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर वापरावे’ असल्या छापाचं नसतं. या फाइलसाठी ते असं हवं होतं: पाणलोटाचा ढोबळ आराखडा, ओढ्यांची घनता, उपनद्यांचा क्रम यांसाठी योग्य, गटाची हद्द, बांधकामाचं अंतर किंवा अतिक्रमण ठरवण्यासाठी अयोग्य. एवढी ओळ असती तर ‘बुजवलेले ओढे’ ही यादी निघाली नसती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ग्रामसेवकांच्या हातात ती ओळ असती, आणि आण्णांना आज्याची साक्ष काढावी लागली नसती.

दिनांकाबद्दल आमच्या सहकाऱ्यांनी आक्षेपच घेतला नाही, कारण तो सर्वांना सोपा वाटतो. तसा तो नाही. फाइलमध्ये 2016 लिहिलं होतं, तो गिरवण्याचा दिवस. शीटच्या तळाशी छापलेलं सर्वेक्षण 1974-75 चं होतं, आणि आवृत्ती त्याच्याही काही वर्षं नंतरची. म्हणजे वापरणाऱ्याने ज्याला ‘2016 चे ओढे’ म्हटलं ते चाळीस वर्षांपूर्वीचे ओढे होते. मधल्या काळात पाझर तलाव झाले, रस्त्याचे भराव पडले, 2014 नंतर जलयुक्त शिवारमध्ये कितीतरी नाले खोल-रुंद करून सरळ केले गेले. यादीतल्या त्या गावच्या अकरा जागांपैकी ज्या दोन सरकण्याच्या हिशेबात बसल्या नाहीत, तिथे ओढा खरोखरच बदलला होता. एक पाझर तलावाच्या पोटात गेला होता आणि दुसरा जेसीबीने सरळ केला होता, तोही सरकारी कामातच. अतिक्रमण एकही नव्हतं. आता गंमत पाहा. डेटम दुरुस्त केला असता आणि तारीख तशीच ठेवली असती, तर हे दोन ‘बुजवलेले’ म्हणून अधिकच ठाम उभे राहिले असते.

म्हणून तारखा किमान तीन लिहाव्यात आणि कशाची कोणती ते सांगावं: जमिनीवरच्या पाहणीची, स्रोत छापल्याची, फाइल तयार केल्याची. यांतली पहिली सर्वांत मोलाची आहे आणि संगणकाला माहीत असते ती फक्त शेवटची. स्रोताचंही तसंच. ‘टोपोशीट’ हा स्रोत नव्हे, ती स्रोताची जात झाली. शीटचा क्रमांक, आवृत्ती, प्रमाण, आणि स्कॅन मूळ कागदाचा की झेरॉक्सचा, हे हवं. झेरॉक्समध्ये कागद ताणला जातो आणि तो ताण दोन दिशांना सारखा नसतो. मी केलेल्या दोन फाइलींपैकी एक झेरॉक्सवरून केलेली होती. ती कोणती, हे आता मलाही सांगता येत नाही, कारण तेव्हा लिहून ठेवलं नाही.

वेळ लागतो, ही तक्रार बैठकीनंतर चहाच्या वेळी आली. लागतो. काम चालू असतानाच हे पाच रकाने भरले तर वीस मिनिटं. त्या ओढ्यांच्या फाइलचा इतिहास उलटा शोधून काढायला आम्हा दोघांचे तीन दिवस गेले. त्यातला एक पूर्ण दिवस कपाटातली मूळ शीट शोधण्यात. शेवटी जे लिहून ठेवलं ते असं:

“स्रोत: भारतीय सर्वेक्षण विभागाची 1:50,000 शीट, मूळ छापील प्रतीचा स्कॅन. सर्वेक्षण 1974-75, गिरवणं 2016, दुरुस्ती या वर्षी. मूळ डेटम एव्हरेस्ट, कल्याणपूर 1975 (EPSG:4146). तीन घटकांच्या सूत्राने (295, 736, 257 मीटर) EPSG:4326 मध्ये रूपांतर. अचूकता अंदाजे 35 मीटर, नऊ जागी उपग्रहचित्राशी ताडून पाहिली, जमिनीवर पडताळलेली नाही. 1975 नंतर ओढ्यांत झालेले बदल यात नाहीत. पाणलोटाच्या ढोबळ नियोजनासाठी योग्य. हद्द, बांधकाम-अंतर व अतिक्रमण ठरवण्यास अयोग्य.”

हा मजकूर आम्ही वेगळ्या कागदावर न ठेवता जिओपॅकेजच्या पोटातच भरला, कारण शेपफाइलच्या पाच-सहा पिलांपैकी एखादं ईमेलमध्ये नेहमी मागे राहतं, आणि राहतं ते बहुधा हेच.

यादी ग्रामपंचायतीने मागे घेतली. दुरुस्त फाइल आम्ही सगळीकडे पाठवली. गेल्या आठवड्यात दुसऱ्या तालुक्यातून एका अभियंत्याने मला ओढ्यांची एक लेयर तपासायला पाठवली, ‘नवीन’ असं नाव देऊन. उघडली, करंजांच्या झाडांपाशी गेलो. रेषा कांद्याच्या वाफ्यांतूनच जात होती. गुणधर्मांमध्ये लिहिलं होतं: WGS 84, अचूकता 3 मीटर. दिनांक तेवढा बदलला होता, चालू वर्षाचा.